क्लायंटच्या वतीने भरलेली सरकारी फी: बिलात घ्यायची, उत्पन्नात नाही

क्लायंटसाठी अर्ज दाखल करायचा, त्याची सरकारी फी आपल्या खात्यातून भरायची आणि नंतर आपल्या मेहनतान्यासोबत ती वसूल करायची, हा सल्लागार, वकील, लेखापाल, ट्रेडमार्क एजंट यांचा रोजचा व्यवहार आहे. बिल बहुतेकांना जमतं. चूक होते ती हिशेबात. फी भरताना ती खर्चात टाकली जाते, बिल करताना पूर्ण रक्कम उत्पन्नात जाते, आणि नफा बरोबर दिसत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. उलाढाल मात्र फुगलेली असते. नोंदणीची किंवा लेखापरीक्षणाची मर्यादा उलाढालीवर ठरत असेल तर ती विनाकारण ओलांडली जाते, आणि जी रक्कम आपली कधी नव्हतीच तिच्यावर कर आकारला जातो.

पुढे एकच प्रकरण शेवटपर्यंत नेलं आहे. एका क्लायंटचा ट्रेडमार्क अर्ज दोन वर्गांत दाखल करायचा आहे. सरकारी फी प्रत्येक वर्गाला ९,००० म्हणजे एकूण १८,०००, आणि आपली फी २५,०००. आपल्या फीवर १० टक्के कर धरू. आकडे उदाहरणापुरते आहेत, चलन कुठलंही समजा.

## १. ही फी नक्की कोणाची, ते आधी ठरवा

सगळं या पायरीवर अवलंबून आहे, आणि नेमकी हीच पायरी सर्रास गाळली जाते. बिलात रक्कम वेगळी दाखवली म्हणजे ती उत्पन्नातून सुटली, असं होत नाही. प्रश्न असा विचारायचा: फी भरली नाही तर सरकारी कार्यालय कोणाला जबाबदार धरेल? ट्रेडमार्क अर्जात अर्जदार क्लायंट आहे. फी भरली नाही तर अर्ज त्याचा अडकेल. म्हणजे देणं त्याचं, आपण फक्त पैसे पोचवणारे.

उलट, आपल्या व्यवसायाच्या परवान्याची फी, एजंट म्हणून आपली नोंदणी टिकवण्यासाठी भरलेली रक्कम, सरकारी माहितीसाठ्याची आपण घेतलेली वार्षिक वर्गणी हे सगळं आपलं देणं आहे. त्या वर्गणीचा उपयोग एका विशिष्ट क्लायंटसाठी झाला आणि आपण ती त्याच्याकडून वसूल केली, तरी तो आपल्या सेवेचा खर्चच राहतो. वसूल केलेली रक्कम उत्पन्नात जाते. प्रवास, कुरिअर, छपाई यांचंही तसंच. या लेखातली पद्धत त्यांना लावू नका.

आयएफआरएस १५ हे उत्पन्नाविषयीचं आंतरराष्ट्रीय लेखामानक १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. त्यात तिसऱ्या पक्षाच्या वतीने गोळा केलेली रक्कम व्यवहाराच्या किमतीत धरू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच मानकात मुख्य पुरवठादार कोण आणि मध्यस्थ कोण, हे ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. त्यांतली आपल्या कामाला सर्वांत उपयोगी पडणारी खूण म्हणजे किंमत ठरवण्याचा अधिकार. सरकारी फी किती हे ठरवणं आपल्या हातात नसतं. आपण आहे तेवढीच पुढे पोचवतो.

सावध: “सगळं मिळून ४३,०००” असा एकरकमी भाव दिला असेल तर चित्र पालटतं. मधल्या काळात सरकारी फी वाढली तर ती वाढ आपल्या खिशातून जाणार, घटली तर फायदा आपला. जोखीम आपण घेतली म्हणजे आपण फक्त पैसे पोचवणारे उरलो नाही. मग पूर्ण ४३,००० उत्पन्न आणि भरलेली फी खर्च. बिल करताना त्याच रकमेचे दोन तुकडे केल्याने यात फरक पडत नाही. म्हणून भाव देतानाच “आमची फी २५,०००, सरकारी फी प्रत्यक्ष भरावी लागेल तेवढी वेगळी” असं लिहा.

## २. लेखी संमती, पैसे भरण्याआधी

करार लांबलचक असण्याची गरज नाही. कामाच्या प्रस्तावात किंवा ईमेलमध्ये चार गोष्टी आल्या पाहिजेत: सरकारी फी आपण क्लायंटच्या वतीने भरणार आहोत, ती मूळ पावतीइतकीच वसूल करणार आहोत, अंदाजे रक्कम किती, आणि अर्धवट पैसे आले तर ते आधी कशात वळते करायचे. चौथी गोष्ट किरकोळ वाटते, पण पुढे सहाव्या टप्प्यात तिचं काम पडेल.

तारीख महत्त्वाची आहे. फी भरून झाल्यावर, बिल अडल्यावर मागवलेली संमती तपासणाऱ्याला पटत नाही. भारतातल्या जीएसटी नियमांमधला नियम ३३ ‘प्युअर एजंट’साठी आहे. क्लायंटच्या वतीने खर्च करण्याचा करार, रक्कम बिलात वेगळी दाखवणं आणि प्रत्यक्ष भरली तेवढीच वसूल करणं, या गोष्टी तो मागतो. युरोपीय संघाच्या व्हॅट निर्देशाचं कलम ७९ (क) त्याच वळणाचं आहे: क्लायंटच्या नावाने आणि त्याच्या वतीने केलेला खर्च, वहीत तात्पुरत्या खात्यात नोंदवलेला, आणि प्रत्यक्ष रकमेचा पुरावा दाखवता येईल असा. देश बदलला की तपशील बदलतात, त्यामुळे आपल्याकडचा नियम मुळातून वाचा. पण संमती, वेगळी नोंद आणि पावतीइतकीच रक्कम या तीन गोष्टी जपल्या असतील तर नियम वाचताना धक्का बसायची शक्यता कमी.

## ३. खातं उघडा आणि बिलातली बाब त्याला जोडा

हिशेबात एक नवं खातं लागेल. नाव साधं ठेवा: “क्लायंटसाठी भरलेली सरकारी फी”. ते ताळेबंदातलं खातं हवं, चालू मालमत्तेखाली. नफा-तोटा पत्रकातलं नको. त्याखाली प्रत्येक क्लायंटची, आणि एका क्लायंटची कामं बरीच असतील तर प्रत्येक प्रकरणाची, वेगळी खतावणी ठेवा.

मग बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये “सरकारी फी” नावाची वेगळी बाब तयार करा आणि ती या खात्याला जोडा. इथेच गाडी अडते. बहुतेक सॉफ्टवेअर नवी बाब तयार करताना आपणहून एखादं उत्पन्नाचं खातं सुचवतं. ते तसंच राहिलं तर बिल दिसायला बिनचूक निघतं आणि हिशेब मात्र चुकतो. क्लायंटला लावायचा खर्च आपोआप बिलात ओढून घेण्याची सोय असेल तर तीही कुठल्या खात्यात जमा करते हे उघडून बघा.

कराचा कोडही याच वेळी ठरवा. “शून्य दर” आणि “कराच्या कक्षेबाहेर” हे दोन वेगळे पर्याय आहेत. शून्य दराची रक्कम बहुतेक विवरणपत्रांत विक्रीत मोजली जाते, म्हणजे कर न लागताही उलाढाल फुगतेच. आपल्याला कक्षेबाहेरचा पर्याय हवा.

तपासा: एक नमुना बिल करा, त्यात फक्त सरकारी फीची ओळ घाला, आणि नफा-तोटा पत्रक उघडा. तिथला एकही आकडा हलला नाही तर जोडणी बरोबर आहे. मग नमुना बिल रद्द करा.

## ४. फी भरा आणि त्याच दिवशी नोंद करा

भरण्याआधी पोर्टलवर अर्जदाराचं नाव नीट बघा. बरीच पोर्टलं पावतीवर लॉग-इन केलेल्या माणसाचं नाव छापतात, म्हणजे आपलं. ते टाळता येत नसेल तर निदान अर्ज क्रमांक आणि अर्जदाराचं नाव पावतीवर कुठेतरी येईल असं पाहा. तेही येत नसेल तर अर्जाच्या पोचपावतीची प्रत पावतीला जोडून एकच फाइल करा. ही फी अमुक क्लायंटच्या अमुक अर्जाची होती, हे कागदावरून कळलं पाहिजे. आपल्याला आठवतं, एवढं पुरत नाही.

नोंद अशी:

- क्लायंटसाठी भरलेली सरकारी फी (त्या क्लायंटची खतावणी) नावे १८,०००
- बँक जमा १८,०००

वर्णनात अर्ज क्रमांक आणि पावती क्रमांक लिहा. बँकेने किंवा पेमेंट गेटवेने वर १८० कापले असतील तर ते या खात्यात घालू नका. ते आपण निवडलेल्या पद्धतीचे शुल्क आहे, सरकारी फी नाही. ते आपल्या बँक खर्चात जाईल. क्लायंटकडून ते वसूल करायचं ठरलं असेल तर बिलात स्वतंत्र ओळ करून उत्पन्नात घ्या. १८,००० च्या पावतीसमोर खतावणीत १८,१८० दिसले की बाकी कधीच जुळत नाही आणि दर महिन्याला कोणीतरी ते १८० शोधत बसतं.

पोर्टल अडकून फी दोनदा कापली जाणं हा नेहमीचा प्रकार आहे. दुसरी रक्कम क्लायंटच्या नावे टाकू नका. त्याचं देणं एकदाच आहे. “सरकारी कार्यालयाकडून परतावा येणे” अशा वेगळ्या खात्यात ठेवा आणि परतावा बँकेत आला की ते खातं मिटवा. तो परतावा आला तेव्हा कशाचा ते न कळल्याने ‘इतर उत्पन्न’ म्हणून जमा झालेला अनेक वह्यांत सापडतो.

### क्लायंटने आगाऊ पैसे दिले असतील तर

शक्य असेल तर फी आगाऊच मागवा. आपलं भांडवल अडकत नाही आणि संमतीचा पुरावाही आपोआप तयार होतो. मात्र आलेले पैसे उत्पन्न नाहीत, ते देणं आहे. बँक नावे, “क्लायंटची आगाऊ रक्कम” जमा. फी भरली की तेच देणं कमी करायचं. क्लायंटने २०,००० दिले आणि १८,००० लागले, तर उरलेले २,००० त्याचे आहेत. ते परत करा, किंवा त्याला कळवून पुढच्या बिलात वळते करा.

काही व्यवसायांत, विशेषतः वकिलीत, असे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवणं बंधनकारक असतं. तुमच्या व्यवसायात तसा नियम असेल तर तो या सगळ्याच्या वर. नियम नसला तरी एका क्लायंटच्या आगाऊ रकमेतून दुसऱ्याची फी भरू नका. आणि वर्षाअखेरीस एकाकडून येणं व दुसऱ्याचं देणं यांची वजाबाकी करून एकच बाकी ताळेबंदात दाखवू नका. दोन वेगळ्या माणसांचे हिशेब आहेत ते.

## ५. बिल

बिलात दोन भाग स्पष्ट दिसू द्या. आधी आपली फी, तिच्यावरचा कर, आणि त्याखाली “आपल्या वतीने भरलेली सरकारी फी, पावतीप्रमाणे” ही ओळ अर्ज क्रमांकासह. कराची आकारणी सरकारी फीच्या ओळीच्या वर संपली पाहिजे.

- ट्रेडमार्क अर्ज, व्यावसायिक फी: २५,०००
- त्यावर कर १० टक्के: २,५००
- आपल्या वतीने भरलेली सरकारी फी, दोन वर्ग: १८,०००
- एकूण देय: ४५,५००

पावतीची प्रत बिलासोबत जोडा. हिशेबात या बिलाची नोंद:

- क्लायंट नावे ४५,५००
- व्यावसायिक फी उत्पन्न जमा २५,०००
- देय कर जमा २,५००
- क्लायंटसाठी भरलेली सरकारी फी जमा १८,०००

चौथ्या टप्प्यात १८,००० नावे पडले होते, इथे तेवढेच जमा झाले. खतावणी शून्यावर आली. उत्पन्नात फक्त २५,००० आले.

आता चुकीच्या तीन वाटा पाहा. प्रत्येकीची खूण वेगळी आहे, त्यामुळे आपल्या वहीत काय झालंय ते ओळखता येतं.

पहिलीत भरताना खर्च आणि बिलात उत्पन्न. नफा २५,००० च येतो, म्हणून ही सर्वांत दडलेली चूक. उत्पन्न मात्र ४३,००० दिसतं, आणि सगळ्यावर कर लावला असेल तर क्लायंटकडून १,८०० जास्त घेतले जातात. फी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात भरली आणि बिल पुढच्या वर्षी गेलं तर नफाही बिघडतो: या वर्षी १८,००० ने कमी, पुढच्या वर्षी तेवढ्यानेच जास्त.

दुसरीत भरताना बरोबर खातं वापरलं, पण बिलातली बाब उत्पन्नाला जोडलेली होती. मग सरकारी फीच्या खात्यात १८,००० ची नावे बाकी अडकून राहते आणि नफा तेवढाच फुगतो. क्लायंटने पूर्ण पैसे दिले, तरी खतावणी येणं दाखवते, ही तिची खूण.

तिसरीत भरताना खर्चात टाकलं आणि बिल बरोबर झालं. मग त्याच खात्यात उलटी, म्हणजे १८,००० ची जमा बाकी दिसते. आगाऊ रक्कम घेतली नसताना जमा बाकी दिसली की भरणा कुठल्यातरी खर्चाच्या खात्यात पडलेला आहे. तो शोधून नोंद फिरवा.

सावध: रक्कम गोल करू नका. १८,००० भरून “सरकारी फी २०,०००” लिहिलं तर वरचे २,००० उत्पन्न आहेतच, शिवाय पावतीइतकीच रक्कम वसूल करण्याची अट मोडल्यामुळे पूर्ण २०,००० वर कराचा प्रश्न उभा राहू शकतो. धावपळीचे पैसे हवे असतील तर ते आपल्या फीत उघडपणे वाढवा. क्लायंटला सरकारी दरपत्रक कधीही बघता येतं, आणि त्याने ते पाहिलं की विश्वास जातो.

## ६. पैसे आल्यावर

क्लायंट बिलातून कर कापून घेत असेल तर त्याने तो कशावर कापला हे लगेच तपासा. कपात १० टक्के धरली तर २५,००० वर ती २,५०० होते आणि ४३,००० वर ४,३००. दुसरा आकडा दिसला तर त्याच्या लेखा विभागाने सरकारी फीही आपलं उत्पन्न धरली आहे. त्याच्या कागदावर आपलं उत्पन्न ४३,००० आणि आपल्या विवरणपत्रात २५,००० अशी तफावत पुढे नोटीस बनून येते. पैसे जमा झाल्याच्या आठवड्यातच कळवा, वर्ष संपायची वाट पाहू नका. ज्यांच्याकडून हे पुन्हा पुन्हा होतं, त्यांना सरकारी फीची मागणी वेगळ्या कागदावर पावतीसह पाठवा आणि बिल फक्त आपल्या फीचं ठेवा. मला तरी मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हीच पद्धत जास्त बरी वाटते, कारण तिथे बिल मंजूर करणारा माणूस आपल्याशी बोललेला नसतो आणि त्याच्यासमोर फक्त एकूण आकडा असतो.

अर्धवट रक्कम आली तर दुसऱ्या टप्प्यातली अट कामी येते. ४५,५०० पैकी ३०,००० आले. “आधी सरकारी फी” असं ठरलेलं असेल तर १८,००० तिच्यात वळते झाले आणि उरलेले १२,००० आपल्या फीत व करात. पैसे हातात आल्यावरच उत्पन्न धरणाऱ्यांना हे फार महत्त्वाचं आहे, कारण या वाटणीवरच त्या वर्षाचं उत्पन्न ठरतं. आधी ठरवलं नसेल तर निदान सगळ्या क्लायंटना एकच रीत लावा. दर वेळी सोयीची वाटणी केली तर ती समर्थनीय राहत नाही.

## ७. महिनाअखेरची तपासणी

सरकारी फीच्या खात्याची क्लायंटनिहाय यादी काढा. प्रत्येक बाकीसमोर पावती आणि “बिल का झालं नाही” याचं उत्तर हवं. फी भरली, काम चालू आहे, बिल पुढच्या महिन्यात, हे चालतं. बिल होऊन गेलं आणि तरी बाकी आहे, हे चालत नाही. तिथे वरची दुसरी चूक शोधा. मग उत्पन्नाच्या खात्याच्या नोंदी वर्णनासकट वाचा. कुठे सरकारी फीच्या नेमक्या रकमा दिसल्या तर त्या चुकून आलेल्या आहेत.

दोन प्रकारच्या बाक्या पडून राहतात, आणि दोन्ही वेळी निर्णय घ्यावा लागतो.

पहिली, आपल्या दिरंगाईमुळे लागलेली विलंब फी. कायद्याने देणं क्लायंटचं असलं तरी ती त्याला लावणं योग्य नसतं. ती लावायची नाही असं ठरलं की त्याच दिवशी ती आपल्या खर्चात घ्या. येणं म्हणून ताळेबंदात ठेवलेली अशी रक्कम खरं येणं नसतेच.

दुसरी, पैसे बुडवणारा क्लायंट. बिल झालेलं असेल तर १८,००० आता त्याच्या येण्यात आहेत. वसुलीची आशा उरली नाही की ते बुडीत येणं म्हणून खर्चात जातील. उत्पन्न त्या १८,००० ने कमी करू नका, कारण ते उत्पन्नात कधी आलेच नव्हते. बुडीत बिलाच्या फीवर भरलेला कर परत मागण्याची सोय तुमच्या कायद्यात असली तरी ती २,५०० पुरतीच लागू होईल. म्हणून बुडीत नोंद करतानाही फी, कर आणि सरकारी फी अशा तीन वेगळ्या ओळी लिहा.